बोटाखालचं ‘ऑफ’

पिंपळगाव बसवंतला एका द्राक्ष निर्यातदाराकडे मी इंग्रजी पत्रव्यवहार बघते. मार्चमध्ये, ऐन सीझनात, इंग्लंडच्या खरेदीदाराची मेल आली : ‘अवर टीम आर नॉट हॅपी विथ द कलर.’ रंगाचं राहिलं बाजूला, नवा लागलेला पोरगा खूशच झाला.

“मॅडम, गोऱ्याचं इंग्रजी चुकलं! टीम एकच ना, मग ‘इज’ पाहिजे.”

चुकलं नव्हतं. टीम म्हणताना ब्रिटिशाच्या डोळ्यांपुढे त्यातली माणसं असली की तो सहज ‘आर’ म्हणतो. अमेरिकन बहुतेक वेळा ‘इज’च म्हणेल.

उत्तराचा मसुदा त्यानंच केला होता. पहिलं वाक्य : ‘ईच ऑफ द पॅलेट्स वेअर चेक्ड.’ मी म्हटलं, ‘ऑफ’पासून पुढचं बोटानं झाक. उरलं ‘ईच’, म्हणून ‘वॉज’. मराठीत आपण ‘प्रत्येक पेटी तपासली’ म्हणतो, प्रत्येकनंतर एकवचनच येतं, म्हणून तिथं घोळ होत नाही. इंग्रजीत क्रियापदाला खेटून ‘पॅलेट्स’ बसतं आणि कान फसतो.

दुसरं : ‘नन ऑफ द फ्रूट वेअर डॅमेज्ड.’ त्यानं पुन्हा बोट ठेवलं, पण इथं ते चालत नाही. उलट ‘ऑफ’च्या पुढेच बघावं लागतं. ‘फ्रूट’ इथं न मोजता येणारा माल, म्हणून ‘वॉज’. ‘ग्रेप्स’ असतं तर ‘वेअर’ही चाललं असतं. शाळेत आम्हाला ‘नन म्हणजे नॉट वन, म्हणून कायम एकवचन’ असं घोकायला लावलं होतं; पण चांगले इंग्रजी लिहिणारे शेकडो वर्षं दोन्ही वापरत आलेत.

शेवटी होतं : ‘द पॅलेट्स हॅव ईच बीन वेड.’ ‘ईच’ दिसलं आणि माझ्या लाल पेनानं सवयीनं ‘हॅव’चं ‘हॅज’ केलं.

“मॅडम, इथं ‘ऑफ’च नाही. झाकू काय?”

मी वाक्य मोठ्यानं वाचलं. ‘ईच’ मागं सरकलेला, कर्ता ‘पॅलेट्स’. त्याचं ‘हॅव’च बरोबर होतं! वीस वर्षं शिकवण्या घेतलेल्या बाईनं स्वतःचीच लाल रेघ खोडली.

मेलच्या विषयात त्यानं ‘द न्यूज आर गुड’ लिहिलं होतं, ते मात्र मी ‘इज’ केलं. शेवटी ‘स’ असला तरी न्यूज एकवचनीच. एकच बातमी मोजून सांगायची तर ‘अ पीस ऑफ न्यूज’.

तेवढ्यात शेठ फोनवर बोलताना ऐकू आले, “हो, मुंबईची मंडळी आली आहेत, जेवायला बसलीत.”

पोरगा माझ्याकडे वळला. “मॅडम, मंडळी एक की अनेक?”

“‘आली आहे’ म्हणतात, ‘आली आहेत’ही म्हणतात. तू मेल पाठव आधी.”