७८ सेकंद आणि २१ सेकंद

"मॅडम, दोनदाच वेळ मोजून सक्रियण ऊर्जा कशी काय निघते? आणि ती खरी मानायची का?"

प्रॅक्टिकलला आम्ही कागदावर पेन्सिलीने फुली मारतो, तिच्यावर चंचुपात्र ठेवतो आणि त्यात सोडियम थायोसल्फेट व हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळतो. गंधक सुटून द्रावण दुधाळ होतं. वरून बघताना फुली दिसेनाशी झाली की घड्याळ थांबवायचं. माझ्या वहीतली एक जोडी: २० अंशांना ७८ सेकंद, ४० अंशांना २१.

फुली झाकायला दोन्ही वेळा गंधक तेवढाच लागतो, म्हणजे वेग ७८ भागिले २१, सुमारे ३.७ पट झाला. पण २९३ केल्व्हिनवरून ३१३ वर गेल्यावर रेणूंचा सरासरी वेग जेमतेम ३ टक्के वाढतो. मग एवढी उडी कुठून आली? अभिक्रियेला ऊर्जेचा एक उंबरठा असतो, तीच सक्रियण ऊर्जा, आणि तो ओलांडण्याइतकी जोरदार टक्कर फार क्वचित होते. तापमान थोडं चढलं तरी अशा टकरींचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं, कारण ते घातांकी सूत्राने ठरतं. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियसने १८८९ मध्ये ते मांडलं. दोन तापमानांची समीकरणं एकमेकांनी भागली की अज्ञात स्थिरांक उडतो आणि उरतं ते असं:

```
ln(k2/k1) = (Ea/R) × (1/T1 − 1/T2)
```

इथे k म्हणजे वेगाचा स्थिरांक, Ea म्हणजे सक्रियण ऊर्जा आणि T म्हणजे केल्व्हिनमधलं तापमान. ३.७१ चा नैसर्गिक लॉग १.३१२. कंसातली वजाबाकी ०.०००२१८. R म्हणजे वायू स्थिरांक, ८.३१४. उत्तर मोलमागे सुमारे ५० किलोज्यूल. दरवर्षी कुणीतरी अंश सेल्सिअसच कंसात घालतं आणि अर्धा किलोज्यूलसुद्धा येत नाही. उंबरठा इतका बुटका असता तर घड्याळ हातात घ्यायच्या आतच फुली गेली असती.

खरं-खोटं विचाराल, तर माझा राग गरम पात्रावर आहे. ४० अंशांचं द्रावण टेबलावर ठेवलं की ते निवायला लागतं. अभिक्रिया सरासरी ३८ अंशांना झाली आणि वहीत ४० लिहिलं, तर खरी किंमत ५५ असताना आपण ५० सांगतो. हीच दोन अंशांची चूक २० आणि २५ अंशांच्या जोडीत झाली, तर उत्तराचं पार वाटोळं होतं. म्हणून तापमानांत अंतर ठेवायचं, आणि थर्मामीटर शेवटपर्यंत पात्रातच.

आणि दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते, मोजमाप चुकलं असलं तरी. त्यामुळे मी तिसरं माप घ्यायला लावते, ३० अंशांना. ५० किलोज्यूल बरोबर असेल तर फुली ४० सेकंदांच्या आसपास जायला हवी. हा आकडा आधी फळ्यावर लिहिते, मगच आम्ल ओतायला सांगते.