लाघवराव, लाघव्या आणि दचकाबाई

“तुमच्या पंचायतीच्या गोष्टीत जनावराचं नाव ऐकलं की त्याचा मान आणि स्वभाव दोन्ही कळतात. ही नावं सुचतात कशी?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझी गोष्ट पांझरेकाठच्या फडाची आहे. धुळे जिल्ह्यात नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी आणायचं, शेतांचे फड पाडायचे आणि कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते पंचांनी ठरवायचं, अशी ही जुनी पद्धत. पाणी सोडणारा पाटकरी, त्याच्यावर देखरेख हवालदाराची, आणि पीक राखायला जागल्या. म्हणजे उतरंड तयारच होती, मला फक्त जनावरं बसवायची होती.

पहिल्या खर्ड्यात मी सगळ्यांना भारदस्त नावं दिली होती. टिटवी जागल्या होती, कारण ती जमिनीवरच अंडी घालते आणि रात्री जरा काही हललं की ओरडते. तिचं नाव होतं जागरराव. मोठीमायला वाचून दाखवलं तेव्हा तिने तिथेच थांबवलं. “जागल्याले राव कोन म्हनस?” ती म्हणाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मराठी नावाचे दोन भाग असतात. मूळ शब्दात स्वभाव असतो आणि शेपटीत मान. ‘या’ लावला की माणूस खाली बसतो, ‘राव’ लावला की खुर्चीवर, ‘बा’ लावला की देवाजवळ. शिवाय ही शेपटी ज्याची असते त्याच्या हातात नसते, हाक मारणाऱ्याच्या हातात असते.

म्हणून म्हाताऱ्या बैलाचं नाव धिमाजी ठेवलं आणि पंच त्याला नाना म्हणू लागले. कोल्हा स्वतःला लाघवराव म्हणवतो, पण गाव त्याच्या माघारी लाघव्या म्हणतं. टिटवीला सगळे दचकी म्हणतात, तिच्यासमोरही. हे कथेत कुठेच समजावून सांगितलेलं नाही. कोल्हा म्हणतो, “नाना, तुम्ही म्हणाल तसं,” आणि नाना म्हणतात, “लाघव्या, बस खाली.” एवढ्यात कुणाचं चालतं ते कळतं.

दुसरी चूक घुशीच्या नावात झाली होती. पाटकरी घूसच होती, आणि तिचं नाव मी पोखरी ठेवलं होतं. पाटाचा काठ कुणी फोडला याची गोष्ट असताना नावानेच चोर दाखवून दिला! स्वभाव म्हणजे शेजाऱ्याला गोष्ट सुरू व्हायच्या आधीपासून दिसतो तो. करणी नंतरची. मग तिला लगबगी केलं. तिची घाई सगळ्यांना आवडते, बारी कधी चुकत नाही म्हणून कौतुकही होतं, आणि भोक पडलं तेही त्याच घाईत, जवळची वाट काढताना.

याबाबतीत पंचतंत्रातली घुबडांची सभा मला फार शिकवून गेली. कावळ्यांचा म्हातारा मंत्री स्थिरजीवी शरण आल्याचं सोंग करतो, आणि घुबडांचा राजा अरिमर्दन एकेका मंत्र्याला विचारतो. क्रूराक्ष म्हणतो, शरण आलेल्याला मारू नये. दीप्ताक्ष, वक्रनास, प्राकारकर्ण हेही त्याला वाचवायच्याच बाजूने बोलतात. मारा म्हणणारा एकटा रक्ताक्ष, आणि खरं तोच ओळखतो. नाव भीतिदायक, सल्ला अचूक. ज्याच्या नावात क्रौर्य आहे तो दया मागतो. ही नावं चेहरा सांगतात, निकाल सांगत नाहीत, म्हणून शेवटपर्यंत ऐकावंसं वाटतं.

तेच मी दचकीच्या बाबतीत केलं. पाणी कमी आलेलं साल. निंबाखाली पंच बसतात. लाघवराव गोड बोलून सुचवतो की यंदा शेवटचा फड पडीक ठेवावा, तिथे तसंही गरिबांचीच शेतं. माना डोलतात. मागून दचकी ओरडते आणि सगळे हसतात, कारण ती पान पडलं तरी ओरडते. नावानेच तिचं म्हणणं आधीच हलकं केलेलं असतं.

पण या वेळी ती गप्प बसत नाही. रात्री वरच्या फडाजवळ पाण्याचा आवाज येतो, ती सांगते, आणि पहाटे शेत मात्र कोरडं असतं. मग पाणी जातं कुठे? जी दचकते तीच रात्रभर ऐकत असते, हे धिमाजी नानांना उमगायला वेळ लागतो. ते धिमेच आहेत. रवंथ थांबतो, मान वर होते.

“दचकाबाई,” नाना म्हणतात, “पुढे या आणि सांगा.”

हे वाचताना मोठीमायने निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले होते.