वीस हजार शेअरनी बदललेलं नातं

महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीने वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसकडे ८० लाखांच्या मालावर ९० दिवसांची उधारी मागितली. लेटरहेडवर एका मोठ्या लिस्टेड कंपनीचं नाव होतं आणि त्याखाली 'ची उपकंपनी' असं छापलेलं. सेल्सवाल्यांना एवढं पुरेसं वाटलं. पण मोठं नाव वापरायचा परवाना ब्रँडच्या करारानेही मिळतो, म्हणून ते नाव आम्ही पुरावा धरत नाही.

मूळ कंपनीच्या वार्षिक अहवालात एओसी-१ हे विवरण असतं. त्याच्या पहिल्या भागात उपकंपन्या येतात, दुसऱ्या भागात सहयोगी कंपन्या आणि संयुक्त उपक्रम. महाप्याची कंपनी पहिल्या भागात होती, हिस्सा ५१ टक्के. मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, साइटवर View Public Documents मध्ये १०० रुपये भरून त्या कंपनीची कागदपत्रं उघडली. वार्षिक विवरण एमजीटी-७ होतं, तेही जुळलं. (उपकंपनी म्हणवणारी कंपनी एमजीटी-७ए भरत असेल तर लगेच थांबावं. तो फॉर्म लहान आणि एकाच व्यक्तीच्या कंपन्यांचा आहे, आणि कायद्याप्रमाणे उपकंपनी 'लहान कंपनी' ठरूच शकत नाही.)

ही दोन्ही कागदपत्रं ३१ मार्चची स्थिती सांगतात. त्यानंतर काय घडलं, ते पाहण्यासाठी पीएएस-३, म्हणजे शेअर वाटपाचा फॉर्म, शोधावा लागतो. तो जूनमधला निघाला. मार्चअखेर एकूण १०,००,००० इक्विटी शेअर होते: मूळ कंपनीचे ५,१०,०००, दुसऱ्या भागीदाराचे ४,९०,०००. जूनमध्ये या भागीदाराला २०,००० नवे शेअर मिळाले. एकूण झाले १०,२०,००० आणि दोघांकडे ५,१०,००० प्रत्येकी.

कंपनी कायद्याच्या कलम २(८७) मध्ये उपकंपनीच्या दोन कसोट्या आहेत. एक, निम्म्याहून जास्त मतदानशक्ती. दोन, संचालक मंडळ कोणाचं असावं हे ठरवण्याचा अधिकार. बरोबर निम्मं म्हणजे निम्म्याहून जास्त नव्हे, त्यामुळे पहिली कसोटी गळाली. मात्र मूळ कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या उपकंपनीकडे यातला एक जरी शेअर असता, तर तो मूळ कंपनीच्याच खात्यात मोजला गेला असता. म्हणून भागधारकांची पूर्ण यादी पाहिली. तसं काही नव्हतं.

दुसऱ्या कसोटीसाठी नियमावली, म्हणजे आर्टिकल्स, वाचावी लागली. सहा संचालक, तीन-तीन नेमायचे. अध्यक्षाला निर्णायक मत नाही. हे वाक्य छोटं असलं तरी त्यावर बरंच अवलंबून असतं: अध्यक्ष एकाच बाजूचा आणि निर्णायक मत त्याच्याकडे, तर 'निम्मं-निम्मं' कागदावरच राहतं.

आता उपकंपनी नाही हे ठरलं, मग सहयोगी की संयुक्त उपक्रम? किमान २० टक्के मतदानशक्ती असली की 'लक्षणीय प्रभाव' धरतात आणि कंपनी सहयोगी ठरते. कायद्याने संयुक्त उपक्रमही सहयोगीच्याच व्याख्येत घातला आहे, त्यामुळे नुसती टक्केवारी पाहून फरक कळत नाही. तो निर्णय कसे होतात यावरून कळतो. इथल्या आर्टिकल्समध्ये वार्षिक बजेट आणि व्यवसाय योजनेला दोन्ही बाजूंच्या किमान एकेका संचालकाची संमती लागत होती. एकाने 'नाही' म्हटलं की काम अडतं. शिवाय कंपनीच्या निव्वळ मालमत्तेवर दोघांचा हक्क. म्हणजे हा संयुक्त उपक्रम. संमती फक्त भांडवल वाढवणं किंवा कंपनी बंद करणं अशाच बाबींना लागली असती, तर तो गुंतवणूकदाराच्या बचावाचा हक्क. त्याला संयुक्त नियंत्रण म्हणत नाहीत.

त्यांच्या अकाउंट्समधले गृहस्थ फोनवर म्हणाले, "अहो साहेब, मागच्या ताळेबंदात आम्ही उपकंपनीच आहोत." ते खोटं बोलत नव्हते. उपकंपनीची विक्री आणि देणी मूळ कंपनीच्या एकत्रित हिशेबात ओळीओळीने पूर्ण मिळवतात आणि बाकीच्यांचा ४९ टक्के वेगळा दाखवतात. संयुक्त उपक्रम किंवा सहयोगी असेल तर नफ्या-तोट्यातला फक्त वाटा एका ओळीत येतो. जूननंतर तेच होणार होतं.

आमच्या उधारीच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचं निराळंच होतं. उपकंपनी असती तरी तिचं बिल भरायला मूळ कंपनी बांधील नसते, दोघी वेगळ्या कायदेशीर व्यक्ती आहेत. ती बांधील होते हमीपत्राने. आम्ही ते मागितलं तेव्हा आलं 'सहकार्याचं पत्र': आम्ही या कंपनीला पाठिंबा देत राहू, वगैरे. त्यात पैसे भरण्याचं वचन कुठेच नव्हतं, म्हणून परत पाठवलं. नंतर दोन्ही भागीदारांनी बोर्डाच्या ठरावासह ४०-४० लाखांची हमी दिली, आणि लेटरहेडवरचा 'उपकंपनी' शब्द काढायची अट ऑर्डरमध्ये घालून आम्ही ९० ऐवजी ४५ दिवसांची उधारी मंजूर केली.