क्लिकच्या जोड्यांवरून शोधाचा क्रम शिकवताना: माझा अनुभव

आमच्या शेतीविषयक संकेतस्थळावर काही हजार लेख आहेत आणि त्यांच्या शोधाची जबाबदारी माझ्याकडे आहे. सुरुवातीला क्रम लावायचं काम बीएम२५ या नेहमीच्या सूत्राकडे होतं. शोधलेला शब्द लेखात किती वेळा आला, तो किती दुर्मीळ आहे आणि लेख किती लांब आहे, एवढंच ते पाहतं. आमचे कृषितज्ज्ञ सर मला वारंवार एकच उदाहरण दाखवायचे. ‘डाळिंब तेल्या’ असं शोधलं की पहिला यायचा ‘डाळिंब लागवड: संपूर्ण माहिती’ हा लांबलचक लेख, दुसरा छाटणीवरचा, तिसरं एक जुनं पत्रक, आणि ज्यात पानांवरच्या आणि फळांवरच्या डागांचे स्पष्ट फोटो होते तो लेख चौथा. “मॅडम, शेतकऱ्याच्या हातात डाग पडलेलं फळ आहे. त्याला आधी ताडून बघायचंय, हाच का तो रोग,” असं सर म्हणायचे.

प्रत्येक शोधासाठी तज्ज्ञांकडून लेखांना गुण देऊन घेणं आम्हाला परवडणारं नव्हतं. क्लिकच्या नोंदी मात्र ढिगाने होत्या. पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तोच आला: ज्यावर जास्त क्लिक, तो वर. पण पहिल्या क्रमांकावर काहीही ठेवलं तरी त्यावर क्लिक पडतातच. योआखिम्स आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या नजरेचा माग घेऊन केलेला 2005 चा अभ्यास मी तेव्हा वाचला. लोक पहिला आणि दुसरा निकाल जवळजवळ सारखाच वेळ पाहतात, पण क्लिक मात्र पहिल्यावर कितीतरी जास्त करतात. म्हणजे एका लेखाच्या क्लिकची संख्या घेऊन तो चांगला की वाईट हे ठरवता येत नाही. ठरवायचंच तर एकाच वेळी, एकाच यादीत समोर आलेल्या दोन लेखांची तुलना करायला हवी.

थॉर्स्टन योआखिम्स यांनी 2002 साली हीच कल्पना मांडली होती. माणूस यादी वरून खाली वाचत येतो. त्याने चौथ्यावर क्लिक केलं आणि तिसरा सोडला, तर त्याने तिसरा पाहिला आणि नाकारला असं धरायचं. म्हणजे ‘चौथा तिसऱ्यापेक्षा सरस’ अशी एक जोडी मिळाली. अशा जोड्या जमवायच्या आणि प्रत्येक जोडीतला सरस लेख ज्याने वर जाईल असं गुणांचं सूत्र शिकायचं.

मी उत्साहाने कामाला लागले. प्रत्येक लेखाची काही मापं घेतली: शीर्षकातला बीएम२५, मजकुरातला बीएम२५, लेख किती वर्षं जुना, फोटो किती, पीक जुळतं का, आणि जुन्या क्रमाचा गुण. मग जोडीतल्या सरस लेखाच्या मापांतून दुसऱ्याची मापं वजा करायची आणि त्या फरकांवर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन चालवायचं. पहिल्याच वेळी प्रोग्राम अडला, कारण सगळे फरक ‘सरस वजा कमी’ असेच होते, म्हणजे सगळ्यांचं उत्तर 1. त्याला दोन वर्ग लागतात. निम्म्या जोड्यांची चिन्हं उलटी करून त्यांचं उत्तर 0 केलं, स्थिर पद काढून टाकण्यासाठी `fit_intercept=False` दिलं, आणि गाडी चालू झाली. बाजूला ठेवलेल्या जोड्यांवर अचूकता फारच छान आली. मी लगेच सरांना बोलावलं.

नवी यादी उघडली आणि दोघंही गप्प झालो. ‘डाळिंब तेल्या’ला वरती आले भलतेच लेख, ज्यांत डाळिंबाचा उल्लेख एखाद्या ओळीपुरता होता. शिकलेली वजनं काढून पाहिली तर जुन्या क्रमाच्या गुणाचं वजन ऋण निघालं, तेही इतर सगळ्यांपेक्षा मोठं. सूत्र एकच गोष्ट शिकलं होतं: यादी उलटी करा.

का, ते कागदावर मांडल्यावर कळलं. समजा कुणी दुसऱ्यावर आणि चौथ्यावर क्लिक केलं. सोडून दिलेले पहिला आणि तिसरा. जोड्या मिळतात तीन: दुसरा पहिल्यापेक्षा सरस, चौथा पहिल्यापेक्षा सरस, चौथा तिसऱ्यापेक्षा सरस. तिन्हींत खालचा जिंकला आहे. कुठलेही क्लिक घ्या, या नियमातून वरचा जिंकल्याची जोडी कधीच निघत नाही, कारण वरच्यावर क्लिक करणाऱ्याने खालचा पाहिला होता की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून ‘यादी उलटी करा’ हे सूत्र अशा जोड्यांवर शंभर टक्के बरोबर ठरतं. माझी छान अचूकता त्याच्या जवळ जात होती, एवढाच तिचा अर्थ. तेव्हापासून जोड्या हातात आल्या की शिकवण्याआधी मी ही तपासणी करते: नुसती उलटी यादी या जोड्यांवर किती गुण मिळवते? ते गुण खूप जास्त असतील तर त्या जोड्यांतून दुसरं काही शिकायला मिळणार नाही.

उपाय सापडला रॅडलिन्स्की आणि योआखिम्स यांच्या 2006 च्या ‘फेअरपेअर्स’ पद्धतीत. यादी दाखवण्याआधी शेजारशेजारच्या लेखांच्या जोड्या पाडायच्या. कधी 1-2, 3-4 अशा, तर कधी 2-3, 4-5 अशा. प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवायचं आणि छाप पडली तर दोघांची अदलाबदल करायची. एखादा लेख फार तर एका जागेने सरकतो, त्यामुळे वाचणाऱ्याचं नुकसान फारसं होत नाही.

```python
k = rng.choice([0, 1])
for i in range(k, len(r) - 1, 2):
    if rng.random() < 0.5:
        r[i], r[i+1] = r[i+1], r[i]
```

नोंद फक्त एकाच गोष्टीची करायची: जोडीतल्या खालच्या लेखावर क्लिक पडलं, की ‘खालचा वरच्यापेक्षा सरस’. वरच्यावरच्या क्लिकला इथे हात लावायचा नाही. वाचताना हे जुन्या नियमासारखंच वाटतं, पण आता दोन्ही लेखांना खाली बसायची सारखीच संधी मिळालेली असते. तुलना होते ती ‘अ खाली असताना त्यावर किती क्लिक’ आणि ‘ब खाली असताना त्यावर किती क्लिक’ यांची. जागा तीच, वरचा शेजारी दोघांपैकीच एक. जागेचा फायदा दोन्ही बाजूंना सारखा, म्हणून उरतो तो लेखांमधला फरक.

अंमलात आणताना दोन गोष्टी चुकल्या. पहिली एका फोनमुळे कळली. सांगोल्याकडच्या एका बागायतदारांनी विचारलं, “ताई, मगाशी दुसरा होता तो लेख, मागं येऊन बघतो तर तिसरा झालाय. काढला का तुम्ही?” प्रत्येक वेळी पान उघडताना मी नव्याने नाणं उडवत होते. मग `rng` चं बीज त्या वापरकर्त्याच्या सत्राच्या आणि शोधाच्या मजकुरावरून काढलं. आता त्याच माणसाला तोच शोध केल्यावर तीच यादी दिसते.

दुसरी चूक जास्त घातक होती. क्लिकच्या नोंदीत मी अदलाबदल होण्याआधीचा क्रम साठवत होते. कुठेही त्रुटीचा संदेश आला नाही. संशय आला तो आकड्यांवरून: जोडीतल्या वरच्यावर आणि खालच्यावर पडलेले क्लिक जवळजवळ सारखे दिसत होते. वरच्याला जास्त क्लिक मिळायलाच हवेत, हे एवढं पक्कं आहे की ते दिसलं नाही तर नोंदच चुकली असं समजावं. प्रत्यक्ष पडद्यावर गेलेला क्रम साठवायला लागले तेव्हा फरक लगेच दिसला. आधीच्या तीन आठवड्यांच्या नोंदी मात्र टाकून द्याव्या लागल्या. मला त्याचं फार वाईट वाटलं.

मग तेल्याची जोडी पाहिली, जुनं पत्रक आणि फोटोंचा लेख. पत्रक वर आणि फोटोंचा लेख खाली, असं 210 वेळा दाखवलं गेलं होतं आणि खालच्या लेखावर 58 क्लिक होते. उलट मांडणी 205 वेळा आणि खालच्या पत्रकावर 22. एकूण 80 पैकी 58. दोन्ही लेख सारखेच असते तर 40 च्या आसपास, फार तर नऊ-दहा इकडेतिकडे, यायला हवे होते. एवढा फरक नशिबाने पडत नाही. प्रत्येक जोडीला एवढे क्लिक मिळत नाहीत, बहुतेकींना दोन-चारच मिळतात. पण सूत्र मापांच्या फरकांवरून शिकतं, म्हणून विरळ जोड्यांतला पुरावाही एकमेकांत मिळून उपयोगी पडतो. तपासणीसाठी जोड्या बाजूला काढताना मात्र एका शोधाच्या सगळ्या जोड्या एकाच बाजूला ठेवल्या. नाहीतर तोच शोध दोन्हीकडे येतो आणि अचूकता फुगते.

आता ‘यादी उलटी करा’ला निम्म्याहूनही कमी गुण पडत होते आणि जुन्या क्रमाच्या गुणाचं वजन धन आलं. फोटोंनाही चांगलं वजन मिळालं, पण सरांनी आणखी एक प्रश्न काढला. ‘डाळिंब बहार’ असं जूनमध्ये शोधणाऱ्याला मृग बहार हवा असतो आणि जानेवारीत शोधणाऱ्याला आंबे बहार. मी चालू महिना हे माप जोडलं, तर त्याचं वजन शून्यावरून हलेना. विचार केल्यावर साधं कारण सापडलं. एकाच वेळी दिसलेल्या दोन्ही लेखांसाठी महिना एकच असतो, म्हणून वजाबाकीत तो उडून जातो. शोध किती शब्दांचा आहे, माणूस कुठल्या तालुक्यातला, ही सगळी मापं अशीच उडून जातात. माप लेखागणिक बदलायला हवं. म्हणून ‘चालू महिना आणि लेखातल्या हंगामाचा महिना यांतलं अंतर’ असं माप केलं, आणि त्याला लगेच ठळक ऋण वजन आलं: अंतर जास्त, लेख खाली.

एक त्रास अजून शिल्लक आहे. ‘हमखास उपाय’ असं शीर्षक असलेल्या लेखांवर क्लिक जास्त पडतात आणि माणसं उघडून लगेच परत येतात. नाणं कितीही निष्पक्ष असलं तरी जोडीत असा लेख जिंकतो, कारण क्लिक शीर्षक पाहून होतो, लेख वाचून नव्हे. सध्या क्लिकनंतर वीस सेकंदांच्या आत यादीवर परतलेल्यांचा क्लिक मी धरत नाही. त्याने थोडा फरक पडला, पण कमकुवत नेटवर्कमुळे पान न उघडल्याने परत आलेलेही त्यात गळतात, आणि ते बहुतेक लांबच्या गावांतले असतात. त्यांचे क्लिक वेगळे ओळखता यावेत म्हणून पान पूर्ण उघडल्याची वेळही नोंदीत घ्यायला या आठवड्यापासून सुरुवात केली आहे.