टाळी की घडी: आमच्या दोन संहितांची वाटचाल

कारखान्यांत सुरक्षेची पथनाट्यं करणारी आमची पाच जणांची संस्था आहे. कॉलेजात एकांकिका केल्या, पदव्या हातात आल्या, आणि मग नाटकावर घर चालत नाही हे प्रत्येकाच्या घरच्यांनी आपापल्या पद्धतीने समजावलं. 4 मार्च 1966 ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून त्या दिवसापासून देशभर सुरक्षा सप्ताह पाळतात, आणि त्या आठवड्यात चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांना काहीतरी ‘कार्यक्रम’ हवा असतो, एवढी माहिती आमच्या ढोलकीवाल्याने त्याच्या मामाकडून आणली. तेवढ्या भांडवलावर सुरुवात झाली.

पहिली तीन वर्षं आमच्याकडे एकच संहिता होती. अठरा मिनिटांची. पॉवर प्रेसवरचा एक ऑपरेटर घाईत असतो. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची असताना एक बटण लाकडाची पाचर मारून कायमचं दाबून ठेवतो, मोकळ्या हाताने जॉब सरकवतो, आणि बोटं डायखाली जातात. मग घरचा प्रसंग, बायको, शाळेतली मुलगी, शेवटी शपथ. लोक हसायचे, डोळे पुसायचे, शपथ घ्यायचे. एचआरवाले खूश, आम्हीही खूश.

चौथ्या वर्षी चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये तीच संहिता तोंडावर आपटली. नाटकात आम्ही दाखवत होतो की प्रेससमोर लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा, बसवला आहे, हात आत गेला की मशीन अर्ध्यातच थांबतं. मागून एक पन्नाशीतला माणूस म्हणाला, “अहो दादा, आमचा प्रेस पिन क्लचचा आहे. एकदा सुटला की खाली येऊनच थांबतो. तुमचा पडदा काय त्याला हात जोडणार का?” सगळी शिफ्ट हसली, आणि ते हसू आमच्यावर होतं.

तो बरोबर होता. जुन्या पिन क्लच किंवा की क्लच प्रेसमध्ये स्ट्रोक एकदा सुरू झाला की पूर्ण फेरी झाल्याशिवाय क्लच सुटत नाही. मधे थांबवायची सोयच नसते, म्हणून लाइट कर्टन तिथे निरुपयोगी. वर क्लचची पिन किंवा स्प्रिंग झिजली तर पेडल न दाबताही प्रेस दुसऱ्यांदा खाली येतो. त्याला तिथे ‘डबल मारतो’ म्हणतात. तिथे पाचर काढा सांगून भागत नाही. डायभोवती बोट शिरणार नाही असं गार्ड लागतं, ते जमत नसेल तर निदान जॉब घालायला-काढायला चिमटा, आणि क्लचची नियमित तपासणी. यातलं एकही आमच्या संहितेत नव्हतं. पण त्यापेक्षा मोठी चूक वेगळी होती. समोरच्यांना आधीच वाटत होतं की मॅनेजमेंटने आपल्याला दोष द्यायला नटमंडळी आणलीत, आणि आम्ही पहिल्याच मिनिटाला ते खरं करून दाखवलं.

त्या रात्री टेम्पोत बरंच भांडण झालं. आमच्यातली एक मानसशास्त्र शिकलेली. तिने एक जुना प्रयोग सांगितला. 1945 च्या सुरुवातीला अमेरिकी सैन्याला काळजी होती, की जर्मनी पडत आला म्हणून सैनिक जपानशी चाललेलं युद्धही आता उरकलं असं समजतील. कार्ल हॉवलंड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकाच भाषणाच्या दोन रेडिओ संहिता करून सैनिकांना ऐकवल्या. एक 15 मिनिटांची, तीत युद्ध लांबेल याचीच कारणं. दुसरी 19 मिनिटांची, तीत तीच कारणं, आणि शिवाय उलट बाजूचे मुद्देही मान्य केलेले. युद्ध लांबेल असं ज्यांना आधीच वाटत होतं, त्यांच्यावर पहिली जास्त चालली. ज्यांना ते पटत नव्हतं, त्यांच्यावर दुसरी. मला त्या जादाच्या चार मिनिटांनी झोप लागू दिली नाही. आमच्या अठरा मिनिटांत ती बसवायची कुठे?

दोन महिन्यांत दोन संहिता तयार झाल्या. नावं तालमीतच पडली. लोक टाळ्या वाजवत येतात त्यांच्यासाठी ‘टाळी’, हाताची घडी घालून उभे राहतात त्यांच्यासाठी ‘घडी’.

दोन्हींचा सांगाडा एकच ठेवला. तीच पात्रं, तोच अपघात, तोच घरचा प्रसंग, त्याच क्रमाने. नटांना दोन वेगळी नाटकं पाठ करायला लावली असती तर ऐनवेळी गोंधळ ठरलेला. बदल फक्त तीन जागी. पहिला, सुरुवातीच्या चार मिनिटांत कोण बोलतं. ‘टाळी’त ऑपरेटर गाणं म्हणत येतो आणि पाचर मारतो. ‘घडी’त आधी सुपरवायझर येतो आणि ओरडतो, “आज टार्गेट गेलं तर बघा!” पाचर मारताना ऑपरेटर प्रेक्षकांकडे बघून म्हणतो, “दोन हातांनी दाबत बसलो तर शंभर जॉब कमी निघतात. ते कोण भरून देणार, सेफ्टीचं पोस्टर?” म्हणजे प्रेक्षकाच्या मनातली तक्रार त्याने बोलायच्या आधी आम्हीच बोलून टाकतो.

दुसरा बदल कायद्याचा. तेव्हा 1948 चा कारखाना अधिनियम लागू होता. त्याच्या कलम 21 नुसार यंत्राच्या धोक्याच्या भागाला संरक्षक आवरण घालणं मालकाचं काम, आणि कलम 111 नुसार त्या आवरणाशी छेडछाड न करणं कामगाराचं. ‘टाळी’त फक्त 111 येतं. ‘घडी’त आधी 21, मोठ्याने, आणि मगच 111. हा क्रम उलटा केला की उरलेलं नाटक कोणी ऐकत नाही, हे एकदा करून बघितलंय.

तिसरा बदल शेवटचा. ‘टाळी’त शपथ. ‘घडी’त शपथ नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी, तीत आपल्या मशीनचा नंबर आणि त्यातला एकच दोष लिहायचा. नाव लिहायचं नाही.

‘घडी’चा पहिला खर्डा फसला, तेही सांगतो. त्यात आम्ही तक्रार मांडली पण उत्तर दिलं नाही. सुपरवायझर खलनायक झाला, कामगारांनी शिट्ट्या मारल्या, इतका प्रतिसाद आयुष्यात मिळाला नव्हता. कार्यक्रम संपल्यावर मी शॉपमधून फेरी मारली तर पाचर जागच्या जागी. त्यांना वाटलं, नाटकवालेही म्हणतात चूक साहेबांचीच. मग त्यात एक प्रसंग घातला. अपघातानंतर प्रेस बंद, चौकशी, आणि मोजणी करणारा शेजारचा ऑपरेटर म्हणतो, “पाचरीने रोजचे शंभर कमावले, आणि आज बाराशे गेले. वर तुझी दोन बोटं मोजलीच नाहीत मी.” टार्गेटच्या तक्रारीला टार्गेटच्याच भाषेत उत्तर. हा प्रसंग बसल्यावर ‘घडी’ खरी उभी राहिली.

आता निवड. एचआरला विचारून काही कळत नाही. “आमचे लोक फार उत्साही आहेत” हे वाक्य मी प्रत्येक गेटवर ऐकलंय. आम्ही अर्धा तास आधी पोचतो आणि तीन गोष्टी बघतो. कार्यक्रम कोणाच्या वेळात आहे? शिफ्टमध्ये मशीन थांबवून असेल तर लोक सैल असतात. शिफ्ट सुटल्यावर, कंपनीच्या बस खोळंबवून असेल तर जवळजवळ नक्की ‘घडी’. सुपरवायझर कुठे उभा आहे? डोकी मोजत समोर उभा असेल तर कोणी मोकळं हसणार नाही. आणि तिसरी, मशीन. प्लॅन्ट हेडच्या परवानगीने मी शॉपमधून एक चक्कर मारतो. बटणाशी पाचर, बोळा, चिकटपट्टी दिसली की तिथे कोणावर तरी घाई लादली जाते हे कळतं.

शेवटची परीक्षा ढोलकीची. सुरुवातीला ढोलकीवाला तीन थापा मारून विचारतो, “मंडळी, जेवण झालं का?” हो असा गलका झाला तर ‘टाळी’. दोन-तीनच आवाज आले, बाकीचे सुपरवायझरकडे बघायला लागले, तर ‘घडी’. तिथून निर्णय नटांपर्यंत पोचायला साधारण वीस सेकंद असतात. दोन संहितांच्या पहिल्या वर्षी खुणेची वाक्यं होती “चहा झाला का” आणि “चहा आला का”. व्हायचं तेच झालं. भोसरीत एक जण गाणं म्हणत आला आणि दुसरा टार्गेट म्हणून ओरडत. आता ढोलकीवाल्याकडे मी चहा मागितला की ‘टाळी’, पाणी मागितलं की ‘घडी’.

धंद्याच्या बाजूने हे महागात पडलं. तालमीचे दिवस दीडपट झाले, आणि पैसे देणाऱ्याला ‘घडी’ विकणं अवघड. दोन्ही संहिता आधी लेखी पाठवून दोन्हींवर सही घेतो. ऐनवेळी सुपरवायझरला खलनायक केल्याचं बिल कोणी भरत नाही. टार्गेटचं वाक्य काढा असं सांगणारे भेटतात. त्यांना मी सांगतो की मग फक्त ‘टाळी’ मिळेल, आणि तुमचे लोक नाराज असले तर तिचा उपयोग होणार नाही. अशी दोन कामं हातची गेली. चिठ्ठ्यांचं काय करणार हेही आधी विचारतो. त्या कपाटात जाणार असतील तर ‘घडी’ न केलेली बरी, कारण पुढच्या वर्षी ते लोक आमच्याकडे बघणारही नाहीत.

उलट चूकही झाली आहे. एका नव्या कारखान्यात, सगळे प्रेस अद्ययावत, लोक आनंदात, आणि मी थकव्यात भलतं वाचून पाणी मागितलं. टार्गेटची तक्रार तिथे कोणाची नव्हतीच. नाटकानंतर दोन पोरं विचारत होती, “म्हणजे इथे पण पुढे असं होतं का?” नसलेली शंका आम्ही पेरून आलो.

गेल्या मार्चमध्ये चाकणच्या त्याच प्रेस शॉपने पुन्हा बोलावलं. पन्नाशीतले ते गृहस्थ पहिल्या रांगेत होते. त्यांच्या पिन क्लचच्या प्रेसला आता डायभोवती जाळीचं गार्ड होतं आणि शेजारी खुंटीला चिमटा. ढोलकी वाजली, पुढच्या चार रांगांनी “होऽऽ” केलं. मी चहा मागायला तोंड उघडणार तेवढ्यात मागे नजर गेली. महिन्यापूर्वीच आलेली कंत्राटी पोरं, साठ-सत्तर तरी असतील, भिंतीला टेकून उभी होती, आणि एकाच्याही हाताची घडी सुटलेली नव्हती. चार रांगांना तक्रार पुन्हा ऐकायचा कंटाळा आला असता, पण पाचर उद्या मारली गेली तर ती भिंतीपाशी मारली जाणार होती.

“अरे,” मी ढोलकीवाल्याला म्हटलं, “जरा पाणी दे.”