षटकोनी आरसा, भाग ३: सहा तुकडे भंगारात

लकडगंजातून आणलेली सागवानाची पट्टी रंधून ४५ मिलिमीटर रुंद झाली होती, आरसा बसवायला मागून १० मिलिमीटरची खाचही मारून ठेवली होती. या रविवारी सहाही तुकडे कापले आणि सहाही वाया गेले.

बाहेरची बाजू २४० हवी होती. खरं तर बाहेरच्या कडेवर २४० मोजून कापलं की झालं, तिथे रुंदीचा संबंधच येत नाही. पण माझ्या पट्टीची बाहेरची कड मी आधीच गोल करून बसलो होतो. तिच्यावर खूण नीट उमटत नाही, टेप घसरतो. म्हणून आतल्या धारदार कडेवर मोजायचं ठरवलं, आणि चौकोनी फ्रेमच्या सवयीने दोनदा रुंदी वजा केली: २४० − ९० = १५०.

तो हिशेब फक्त ४५ अंशांना चालतो, कारण ४५ चा टॅन १ असतो. षटकोनाचा कोपरा १२० अंशांचा, त्याचा अर्धा ६०, पण मायटर सॉ सरळ कापापासून मोजतो, म्हणून त्यावर ३० लावायचे. टॅनही त्या ३० चाच घ्यायचा, म्हणजे ०.५७७.

```
आतली कड = बाहेरची कड − 2 × रुंदी × tan(θ)
240 − 2 × 45 × 0.577 = 188
```

मी १५० कापले, म्हणजे प्रत्येक बाजू ३८ ने तोकडी. सुकी जुळणी केली तर सांधे एकदम छान! चूक कळली ती आरसा वर ठेवल्यावर. समोरासमोरच्या बाजूंत ३४३ असा कापून आणलेला आरसा जवळजवळ अख्ख्या चौकटीएवढाच निघाला. सांधे जुळणं हा कोनाचा पुरावा आहे, लांबीचा नाही, हे बायकोने न विचारता सांगितलं.

दुसरी पाच फुटी पट्टी काढली. खाचेमुळे तुकडा उलटा फिरवून तिरपा काप वाचवता येत नाही, त्यामुळे दर दोन तुकड्यांमध्ये एक त्रिकोण फुकट जातो. कापण्याआधी रुंदी पुन्हा कॅलिपरने मोजली. ती ४३.५ भरली असती तर १८८ ऐवजी जवळपास १९० ठेवावे लागले असते.

आता लांबी बरोबर आली, पण शेवटचा सांधा आतून उघडा राहिला. सॉ अर्धा अंश जरी जास्त लागला, तरी बारा कापांत ते सहा अंश होतात आणि ४५ रुंदीवर साडेचार मिलिमीटरहून जास्त फट दिसते. म्हणून तीन-तीन तुकड्यांचे दोन अर्धे वेगळे चिकटवलेत. अर्ध्याची दोन्ही मोकळी टोकं एका सरळ रेषेत यायला हवीत. पट्टी लावून पाहिलं, एका अर्ध्यात थोडा उजेड दिसतो. तो काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासायचा आहे. फेव्हिकॉल वाळू द्या आधी.