कातकरी वाड्यांवरचं धान्य वाटप: मनापासून आभार, आणि आलेल्या-गेलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशोब (जुलै 2024)

सगळ्यांना नमस्कार. सुधागड तालुक्यातल्या तीन कातकरी वाड्यांवर जुलैमध्ये आपण धान्य पोचवलं, त्याचा हिशोब आता पूर्ण झालाय. संस्थेचं खजिनदारपद माझ्याकडे आहे त्यामुळे पैसे जमा होण्यापासून शेवटची पिशवी हातात जाईपर्यंत सगळं माझ्या डोळ्यासमोर झालं, म्हणून हा अनुभव आणि हिशोब दोन्ही एकत्रच लिहितोय. ज्यांनी शंभर रुपये पाठवले आणि ज्यांनी अकरा हजारांचा चेक दिला त्या सगळ्यांचे मनापासून आभार, तुमच्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं.

एकूण जमा 1,58,500 रुपये. त्यातले 1,41,200 यूपीआय आणि बँक ट्रान्सफरने, 11,000 चेकने आणि 6,300 रोख. एकूण खर्च 1,45,490. शिल्लक 13,010. आता हे पैसे कसे गेले ते सांगतो.

आधी जुलैच का, ते सांगायला हवं कारण बऱ्याच जणांनी विचारलं की दिवाळीत का नाही देत. इथली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि मे-जूनमध्ये परत येतात. भट्टीचा हिशोब झाला की हातात फार काही उरत नाही, पावसात लावणीची मजुरी मिळते ती थोडे दिवस, आणि मग भातकापणीपर्यंत काम नाही. याच दिवसांत खायला हवं म्हणून पुढच्या हंगामाची उचल घेतली जाते आणि ती फेडायला परत भट्टीवर जावं लागतं. आपल्या पाच किलो डाळीने हे चक्र थांबत नाही हे मला माहितीये, पण उचल घ्यायला जायची वेळ थोडी पुढे गेली तरी घरातल्या बाईला फरक पडतो, हे आम्हाला तिथल्याच बायकांनी सांगितलं.

काय द्यायचं हे पण त्यांनीच ठरवलं. आमच्या डोक्यात नेहमीसारखा तांदूळ होता. वाडीवर बसून बोलल्यावर कळलं की ज्यांचं रेशन चालू आहे त्यांना तांदूळ मिळतोय, प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो धान्य आणि अंत्योदयवर घरटी 35 किलो, तेही फुकट. अडतं ते डाळ आणि तेलावर, आणि तूरडाळ तर या वर्षी इतकी वर गेलीय की आमच्या घरी पण हात आखडून घालतो आम्ही. म्हणून पिशवीत तूरडाळ 3 किलो, मसूर 2 किलो, सोयाबीन तेल 2 लिटर आणि मीठ 1 किलो असं ठरलं. तांदूळ फक्त त्यांना ज्यांचं रेशन बंद आहे. अशी 27 घरं निघाली. कुणाचं नाव लग्नानंतर माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं नाही, कुणाचं कार्ड जुन्या गावचं, आणि काहींचा अंगठाच मशीनवर लागत नाही, विटा थापून थापून बोटांवरच्या रेषा गेलेल्या असतात.

खरेदीसाठी तीन घाऊक व्यापाऱ्यांकडून लेखी भाव घेतले. एक गोष्ट इथे सांगतो, पुढे कुणी असं वाटप करणार असेल तर उपयोगी पडेल. 2022 च्या जुलैपासून 25 किलोपर्यंतच्या पॅक आणि लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी आहे, त्याच्या वरच्या पोत्याला नाही. म्हणून तयार किट किंवा एक-एक किलोची पाकिटं न घेता आम्ही 30 किलोची पोती घेतली आणि डाळ स्वतः भरली. नुसत्या टॅक्सचेच सव्वापाच हजारांच्या आसपास वाचले, शिवाय पॅकिंगचा दर वेगळा.

तूरडाळ 12 पोती म्हणजे 360 किलो, 158 च्या भावाने 56,880 रुपये. मसूर 8 पोती, 240 किलो, 76 ने 18,240. तेलाचे 240 पाऊच 106 ने 25,440, यात टॅक्स धरलेला आहे. मिठाच्या 120 पुड्या 15 ने 1,800. तांदूळ जाडा घेतला, कारण बारीक तांदूळ नको असं बायकांनी आधीच सांगितलं होतं, 27 पोती 38 च्या भावाने 30,780. माल सगळा मिळून 1,33,140. बाकी टेम्पो 6,500, हमाली 1,400, कापडी पिशव्या 120 नग 3,360, पावसासाठी प्लॅस्टिक 640, रजिस्टर आणि कुपनं 450, हे झाले 12,350. कार्यकर्त्यांचं पेट्रोल, चहा, जेवण यातलं काहीही या पैशातून घेतलेलं नाही, ते ज्याचं त्याने केलं. एका पिशवीतला माल 853 रुपयांचा पडला.

माल उतरवताना प्रत्येक पोतं काट्यावर घातलं, याचा कंटाळा करू नका. तुरीचं एक पोतं 28 किलो 600 भरलं, आम्ही काट्याचा फोटो पाठवल्यावर व्यापाऱ्याने राहिलेली 1 किलो 400 डाळ त्याच दिवशी पोचती केली. मग हॉलमध्ये बसून 3 किलोच्या आणि 2 किलोच्या थैल्या भरल्या. इथे थोडी तूट येतेच, कारण काट्यावर 3 किलो झाले की हात लगेच थांबत नाही, चार दाणे जास्तच पडतात, आणि ते काढून घ्यायचे नाहीत असं आम्ही ठरवलं होतं. यादीतल्या 118 घरांच्या पिशव्यांना 354 किलो तूर लागायला हवी होती म्हणजे 6 किलो उरायला हवी, उरली 5 किलो 100. मसूर 4 च्या जागी 3 किलो 400. तेलाचे 2 पाऊच टेम्पोत फुटले. उरलेल्या मालातून एक पूर्ण पिशवी झाली, ती भट्टीवरून उशिरा आलेल्या, यादीत नसलेल्या एका कुटुंबाला दिली. त्यामुळे पिशव्या 118 नाही तर 119 गेल्या. त्यानंतर राहिलेली साडेतीन किलो डाळ आणि मिठाची एक पुडी वाडीवरच्या मुलांच्या खिचडीत गेली.

वाटप संध्याकाळी पाचनंतर केलं. दिवसा लावणीची मजुरी बुडवून कुणी पिशवीसाठी थांबावं हे बरोबर नव्हतं, आणि हे पण आम्हाला तिथल्याच एका ताईंनी सुनावलं, "दिवसा आलात तर पोरं आन म्हातारी भेटतील, आमी नाय." आदल्या संध्याकाळी घरोघरी कुपन दिलं, त्यावर वेळ लिहिलेली, त्यामुळे रांग लागली नाही, समाजमंदिरात पाच-सहा जणी यायच्या, पिशवी बघून घ्यायच्या, सही किंवा अंगठा करून जायच्या. स्टेज नाही, बॅनर नाही, भाषण नाही. शाईचं पॅड पुढे केलं तर एक मावशी म्हणाल्या अंगठा नको, पेन द्या, आणि बचत गटात शिकलेली सही सावकाश पूर्ण केली. तेव्हापासून आधी पेन पुढे करायचं आणि मागितलं तरच पॅड, असं केलं.

तांदळाची पोती त्या दिवशी दिलीच नाहीत. एकाच ठिकाणी काहींना पोतं आणि काहींना नाही म्हणजे कुणाकडे रेशन नाही हे सगळ्यांसमोर मांडल्यासारखं होतं. म्हणून दुसऱ्या संध्याकाळी ती 27 घरी नेऊन दिली. पोतं अख्खं होतं त्यामुळे मोजायचा पण प्रश्न आला नाही.

आता फोटोंचं. दोन-तीन देणगीदारांनी विचारलं की वाटपाचे फोटो का नाहीत, आपला पैसा कुठे पोचला ते दिसायला हवं ना. प्रश्न योग्यच आहे, पैसे दिलेत तर विचारायचा हक्क आहे तुमचा. पण त्यासाठी एखाद्या बाईने डाळीची पिशवी धरून कॅमेऱ्याकडे बघायची गरज नाही असं मला ठामपणे वाटतं. तिच्या शेजारी शाळेत जाणारी मुलगी उभी असते, तो फोटो ग्रुपवरून ग्रुपवर फिरत तिच्या वर्गात पण पोचतो. आणि फोटो काढू का असं विचारलं तर ती नाही म्हणेल का, पिशवी आपल्या हातात असताना? म्हणून पुरावा आमच्या बाजूचा ठेवलाय. सगळी बिलं, तिन्ही व्यापाऱ्यांचे भाव, काट्याचे फोटो, बँक स्टेटमेंट, टेम्पोची पावती हे कुणीही मागितलं तर मिळेल. सह्यांचं रजिस्टर ऑडिटरला दाखवलं जाईल, नावं बाहेर जाणार नाहीत. तेवढ्यावरही मन भरत नसेल तर पुढच्या वेळी डाळ भरायला या, काट्यावर तुम्हीच बसा.

एक रक्कम परत केलीय ते पण नोंदवतो. अमेरिकेतल्या एका दादांनी त्यांच्या भारतातल्या खात्यातून 10,000 पाठवले होते. त्यांच्याकडे आता तिकडचं नागरिकत्व आहे आणि आपल्या संस्थेची एफसीआरए नोंदणी नाही, त्यामुळे पैसे इथल्याच बँकेतून आले तरी ती परदेशी देणगी धरली जाते आणि आपल्याला घेता येत नाही. त्याच खात्यात परत पाठवले, वरच्या जमेत ते धरलेले नाहीत. परदेशात राहून ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिले तर अडचण नाही. दादांनी समजून घेतलं, त्यांचे विशेष आभार.

शिल्लक 13,010 संस्थेच्या चहापाण्याला किंवा भाड्याला वापरणार नाही, धान्यासाठी आलेले पैसे धान्यालाच. त्या 27 पैकी 18 कुटुंबांचे रेशनचे अर्ज तहसीलमध्ये दिले गेलेत, 9 जणांची कागदपत्रं अजून जुळत नाहीत. त्या 9 घरांना ऑगस्टमध्ये एकेक पोतं तांदूळ द्यायचं ठरलंय, आजच्या भावाने 10,260 होतात. उरलेले 2,750 दाखल्यांच्या झेरॉक्स आणि तहसीलच्या फेऱ्यांसाठी वापरू का, हे तुम्हाला विचारतोय कारण ते धान्य नाही. कुणाची हरकत असेल तर ऑगस्टच्या आत सांगा, मग त्याचाही तांदूळच घेऊ.

पावत्यांबद्दल. आयकर सवलतीसाठीची 80 जी ची पावती सगळ्यांना मेलवर गेलीय. रोख 2,000 च्या वर आपण कुणाकडून घेतलेच नाहीत, कारण त्यावर सवलत मिळत नाही. नवीन कर प्रणाली निवडली असेल तर 80 जी चा फायदा नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. देणगीचा दाखला म्हणजे फॉर्म 10 बीई मात्र लगेच येणार नाही, या आर्थिक वर्षाचं विवरण 31 मे 2025 पर्यंत भरायचं असतं आणि ते भरल्यावरच तो निघतो. त्यासाठी पॅन लागतं, यूपीआयने पाठवलेल्या बऱ्याच जणांचं नुसतं नाव दिसतंय, काहींचा तर फक्त मोबाईल नंबर, तर कृपया ट्रान्झॅक्शन नंबर आणि पॅन मला पर्सनलवर पाठवा, ग्रुपवर टाकू नका.